गिफ्ट व्हाउचर विकलं तेव्हा विक्री झालीच नव्हती: आमच्या दुकानाचा हिशोब कसा सरळ केला

इंदूरला राजवाड्याजवळच्या एका साडी-रेडिमेडच्या दुकानाचा हिशोब मी बघते, मालक मराठी आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात, काउंटरवरची मुलं मात्र बहुतेक माळव्यातली, त्यांचं सगळं हिंदीत. दुकानात गिफ्ट व्हाउचर बरीच वर्षं चालू आहेत, पाचशे, हजार आणि दोन हजारची, प्रेसमधून छापून आणलेली पुस्तकं, डावीकडे काउंटरफॉईल, उजवीकडे फाडून द्यायचा भाग, नंबर छापलेला, मागे शिक्का. दिवाळीत ऑफिसवाले घेतात, लग्नाच्या आहेराला घेतात, आणि आपल्या मराठी बायका तर संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला वाण म्हणूनसुद्धा पाचशेची व्हाउचरं वाटतात, हे मी इथेच पहिल्यांदा बघितलं.

तर झालं असं की फेब्रुवारी २०२६ मध्ये काका महिन्या-महिन्याचा नफा घेऊन बसले आणि म्हणाले की ऑक्टोबरला मार्जिन एवढं जबरदस्त आणि जानेवारीत एवढं खाली कसं, माल तर तोच, भाव तेच. चोरी होतेय का असा त्यांना संशय होता, कारण जानेवारीत स्टॉक कमी झाला होता आणि त्या मानाने विक्री दिसत नव्हती. मी बिलं उघडून बसले आणि तासाभरात कळलं की चोरी वगैरे काही नाही, सगळा खेळ व्हाउचरचा आहे.

पूर्वीच्या अकाउंटंटने सिस्टीममध्ये ‘गिफ्ट व्हाउचर’ नावाचा एक आयटम बनवला होता, टॅक्स शून्य. व्हाउचर विकलं की त्याचं बिल, म्हणजे दोन हजार रुपये थेट विक्रीत. मग दोन-तीन महिन्यांनी गिऱ्हाईक ते व्हाउचर घेऊन आलं की काउंटरवरचा मुलगा साडीच्या बिलात दोन हजार ‘डिस्काउंट’ टाकायचा. आता बघा, ऑक्टोबरमध्ये विक्री आली पण माल गेला नाही, म्हणजे सगळा नफाच नफा. जानेवारीत माल गेला पण विक्री जवळजवळ नाही, म्हणजे तोटा. वर्षाची बेरीज कशीबशी जुळते, पण महिन्यांचं चित्र खोटं, आणि मार्चला जी व्हाउचरं लोकांच्या पाकिटात पडून आहेत तेवढा नफा त्या वर्षी फुकटचा जास्त दिसतो. तुमच्याकडे व्हाउचर चालत असतील आणि सणाच्या महिन्यात मार्जिन अचानक वाढून नंतर पडत असेल तर आधी हेच तपासा.

काकांना मी सांगितलं की व्हाउचर विकलं तेव्हा आपण काही विकलेलंच नाही, आपण फक्त पैसे घेतलेत आणि पुढे कधीतरी तेवढ्याचा माल द्यायचं कबूल केलंय. ते पैसे म्हणजे देणं. काका म्हणाले, ‘अगं पण पैसे तर परत द्यायचे नाहीत ना कोणाला?’ बरोबर, रोख परत द्यायची नाही, पण माल द्यायचा आहे, आणि तो देईपर्यंत कमाई झाली असं म्हणता येत नाही. हे त्यांना पटायला वेळ लागला, कारण गल्ल्यात आलेला पैसा हा आपला असं दुकानदाराच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

मग नवीन लेजर केलं, ‘गिफ्ट व्हाउचर देणे’. दोन हजारचं व्हाउचर विकलं की कॅश किंवा बँक डेबिट २,०००, गिफ्ट व्हाउचर देणे क्रेडिट २,०००, नॅरेशनमध्ये व्हाउचरचा नंबर. विक्रीचं लेजर नाही, जीएसटी नाही, टॅक्स इन्व्हॉइस नाही, फक्त पावती. आम्ही टॅली वापरतो, त्यात पीओएस बिलिंगला पैसे कशाने आले ते विचारताना गिफ्ट व्हाउचर असा एक रकाना मिळतो, पण आमच्या सेटअपमध्ये तिथे संड्री डेटर्सखाली असलेलीच लेजरं दिसत होती. म्हणजे देण्याचं लेजर येणेकऱ्यांच्या गटात ठेवावं लागलं, त्यात क्रेडिट बॅलन्स राहतो आणि ताळेबंदात येणी तेवढी कमी दिसतात. चालवायला ठीक, पण मार्चला ताळेबंद काढताना ते उचलून चालू देण्यांमध्ये दाखवायचं हे सीए मॅडमनी बजावून सांगितलंय, नाहीतर बँकवाला येणेकऱ्यांचा आकडा बघून वेगळाच अर्थ लावेल.

आता रिडेम्प्शन, म्हणजे गिऱ्हाईक व्हाउचर वापरायला येतं ते, खरी गंमत इथे आहे. एक बाई २,००० चं व्हाउचर घेऊन आल्या, साडी घेतली २,१०० ची, टॅक्स धरून. साडीवर ५ टक्के, म्हणजे मालाची किंमत २,०००, सीजीएसटी ५०, एसजीएसटी ५०. बिल पूर्ण २,१०० चंच बनणार. मग पैसे कसे आले, तर २,००० व्हाउचरने आणि १०० यूपीआयने. एन्ट्री: गिफ्ट व्हाउचर देणे डेबिट २,०००, बँक डेबिट १००, विक्री क्रेडिट २,०००, सीजीएसटी ५०, एसजीएसटी ५०. बास. व्हाउचर हे पैसे देण्याचं साधन आहे, त्याने बिलाची किंमत कमी होत नाही, जशी कार्ड स्वाइप केल्याने होत नाही.

डिस्काउंट म्हणून टाकलं तर काय होतं ते मी काउंटरवरच्या मुलांना एका जॅकेटवरून दाखवलं, कारण साडीवर फरक तेवढा डोळ्यात भरत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून रेडिमेड कपड्यांना नगामागे २,५०० पर्यंत ५ टक्के आणि त्याच्या वर १८ टक्के आहे (त्याआधी १,००० पर्यंत ५ आणि वर १२ होतं). जॅकेट ३,५४० चं, म्हणजे किंमत ३,००० आणि टॅक्स ५४०. आता दोन हजारचं व्हाउचर डिस्काउंटमध्ये टाकलं की बिल उरलं १,५४० चं, सॉफ्टवेअर बघतं की किंमत अडीच हजाराच्या आत आली, आपोआप ५ टक्के लावतं, टॅक्स निघतो साधारण ७३ रुपये. कुठे ५४० आणि कुठे ७३! किंमतही चुकीची आणि दरही चुकीचा. मुलगा म्हणाला, ‘भिया, मतलब हम तो सरकार का पैसा काट रहे थे?’ म्हटलं हो, तसंच. एक अशी एन्ट्री नजरेतून सुटते, पण दिवाळीनंतरच्या महिन्यांत अशा किती झाल्या असतील विचार करा. सीए मॅडमनी ती सगळी बिलं काढून घेतली, प्रत्येकाचा खरा टॅक्स काढला, आणि नंतरच्या रिटर्नमध्ये दुरुस्ती दाखवून फरक आणि त्यावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज भरायला लावलं. काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण भरलं.

काकांचा पुढचा प्रश्न होता की मग व्हाउचर विकतानाच टॅक्स भरून मोकळं का होत नाही. कारण साधं आहे, त्या दिवशी आपल्याला माहीतच नाही ती बाई साडी घेणार, का अडीच हजाराच्या वरचा लेहंगा घेणार, दर ५ का १८ कोण सांगणार. गणपतीत विकलेलं व्हाउचर नवरात्रात वापरलं गेलं आणि मधल्या मधे दरच बदलले, तर विकतानाचा टॅक्स पुन्हा उकरत बसायचं का? वापराच्या दिवशी जे बिल बनेल त्यालाच त्या दिवसाचा दर. जीएसटीच्या कायद्यातही आधी कलम १२(४) मध्ये हेच होतं, कुठल्या मालासाठी व्हाउचर आहे हे देतानाच ठरलेलं असेल तर देण्याच्या दिवशी, नाहीतर वापराच्या दिवशी टॅक्स. ते पोटकलम १ ऑक्टोबर २०२५ पासून काढून टाकलंय, आणि त्याआधी ३१ डिसेंबर २०२४ ला सीबीआयसीने, म्हणजे जीएसटी बघणाऱ्या केंद्राच्या मंडळाने, सर्क्युलर काढून स्पष्ट केलं होतं की व्हाउचरचा व्यवहार हा स्वतः माल किंवा सेवेचा पुरवठा नाही. आम्हाला सोपं झालं, टॅक्स बिलावर, व्हाउचरवर नाही. आणि आपलंच व्हाउचर फक्त आपल्याच दुकानात चालतंय, रोख परत मिळत नाही, तर रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. शेजारच्या दुकानाशी मिळून एकच व्हाउचर दोघांकडे चालवायचा काकांचा विचार होता, तो मॅडमनी लगेच थांबवला, तिथून नियम बदलतात.

एक गोष्ट मात्र मुलांना वेगळी समजवावी लागली. आमच्याकडे पाच हजारांच्या खरेदीवर पाचशेचं कूपन ‘फुकट’ पण देतात, पुढच्या खरेदीला वापरायचं. ते कागदावर दिसतं अगदी व्हाउचरसारखंच, पण त्याचे कोणी पैसे दिलेले नाहीत, त्यामुळे ते देण्याच्या लेजरमध्ये जाऊच शकत नाही. ते वापरलं की खरंच डिस्काउंट, बिलावरच कमी करून दाखवायचं, टॅक्स उरलेल्या किमतीवर. मोठ्या कंपन्यांच्या नियमात अशा फुकट कूपनचाही वेगळा विचार करावा लागतो, तो आम्हाला करावा लागत नाही. गोंधळ नको म्हणून आता कूपन पिवळ्या कागदावर आणि विकलेलं व्हाउचर पांढऱ्या, पांढरं आलं की पेमेंट, पिवळं आलं की डिस्काउंट, हे काउंटरवरच्या सगळ्यांना पाठ.

सगळ्यात जास्त डोकेदुखी झाली ती गुलाबी चिठ्ठ्यांची. दोन हजारचं व्हाउचर आणि खरेदी १,६६० ची, तर उरलेल्या ३४० ची गुलाबी चिठ्ठी काउंटरवरून हाताने लिहून द्यायचे, सही करून. ना नंबर, ना नोंद. गिऱ्हाईक ती घेऊन आलं की कोणीतरी पुन्हा डिस्काउंट टाकायचं. काही चिठ्ठ्यांवर तारीखही नाही. म्हणजे दुकानाचं किती देणं बाहेर फिरतंय हे कोणालाच माहीत नव्हतं. आता गुलाबी चिठ्ठी बंद, उरलेल्या रकमेला त्याच मूळ नंबराची पुढची पावती, जसं १४७ चं उरलं तर १४७-अ, आणि मुदत मूळ व्हाउचरचीच, नवीन नाही. लेजरमध्ये फक्त १,६६० डेबिट होतात, ३४० तसेच देण्यात राहतात. आधी फिरत असलेल्या चिठ्ठ्या आल्या की आम्ही घेतो, पण त्या काकांच्या सहीने आणि वेगळ्या खर्चाच्या खात्यात, कारण त्यांचं देणं कधी नोंदलंच गेलं नव्हतं.

मग प्रश्न आला न वापरलेल्या व्हाउचरांचा, ज्यावर काकांचं सगळ्यात जास्त लक्ष होतं. व्हाउचरवर छापलंय एक वर्ष मुदत. काका म्हणाले वर्ष झालं की ते आपले, टाक नफ्यात. मी विचारलं, मुदत संपल्यावर कोणी आलं तर तुम्ही परत पाठवता का? तर म्हणे, ‘अहो छे, आपल्याच ओळखीच्या वहिनी येतात, दोन महिने इकडे-तिकडे, त्यांना काय नाही म्हणायचं?’ इथेच तर अडतं. छापलेलं काहीही असो, तुम्ही दर वेळी घेत असाल तर लोकांचा हक्क संपलेला नाहीच, आणि हक्क संपल्याशिवाय ते पैसे तुमचे होत नाहीत. सीए मॅडमनी मधला मार्ग काढला, एक वर्ष मुदत आणि वर सहा महिने सवलत, हे काउंटरवर लिहून लावायचं, व्हाउचरवरही छापायचं, आणि अठरा महिन्यांनंतर खरंच नाही म्हणायचं. मग अठरा महिने झालेली व्हाउचरं यादी करून, काकांची सही घेऊन उत्पन्नात टाकायची: गिफ्ट व्हाउचर देणे डेबिट, ‘न वापरलेली व्हाउचर’ क्रेडिट.

यावर जीएसटी नाही, कारण माल गेलाच नाही, त्या सर्क्युलरमध्येही न वापरलेल्या व्हाउचरच्या रकमेवर टॅक्स नाही असंच आहे. पण इन्कम टॅक्समधून सुटका नाही. काकांना वाटलं होतं हे लोकांचे पैसे आहेत तर टॅक्स कसला, तेव्हा मॅडमनी १९९६ चा टी. व्ही. सुंदरम अय्यंगार कंपनीचा सुप्रीम कोर्टाचा निकाल सांगितला, त्यात धंद्यात घेतलेले आणि कोणी परत न मागितलेले गिऱ्हाइकांचे पैसे कंपनीने स्वतःच्या नफ्याच्या खात्यात नेले तर ते उत्पन्नच ठरलं होतं. काका गप्प झाले.

आता आकडे. मागच्या वर्षी, म्हणजे २०२४-२५ ला विकलेली ४६,००० ची व्हाउचरं १ एप्रिल २०२५ ला बाहेर होती, पण ती आधीच विक्रीत गेली होती, म्हणून आधीच्या वर्षाची दुरुस्ती दाखवून ४६,००० ने नफा कमी केला आणि देण्यात आणले. २०२५-२६ मध्ये विकली ४,००,००० ची. जुन्यातली वापरली गेली ३३,००० ची, नवीनमधली २,७०,००० ची, आणि जुन्यातली ५,००० ची अठरा महिने उलटून गेली म्हणून उत्पन्नात. मार्चअखेर लेजरला उरले १,३८,०००, जुने ८,००० आणि नवीन १,३०,०००. हा आकडा टॅलीमधून येतो, पण मी काउंटरफॉईलची पुस्तकं घेऊन नंबरवार वेगळी यादी केली होती, वापरलेलं व्हाउचर आडवी रेघ मारून, रद्दचा शिक्का मारून बिलाच्या कॉपीला स्टेपल केलेलं, आणि बाहेर असलेल्या नंबरांची बेरीज १,३८,००० ला जुळली पाहिजे. पहिल्या वेळी ५०० चा फरक आला. एका व्हाउचरवर शिक्का मारलाच नव्हता आणि ते ड्रॉवरमध्ये सुटं पडलेलं होतं, कोणीही पुन्हा वापरलं असतं तर कळलंही नसतं.

मॅडमनी एकदा सहज म्हणून मोठ्या लिस्टेड कंपन्यांची पद्धत कागदावर करून दाखवली. त्यांना इंड एएस ११५, म्हणजे उत्पन्न कधी आणि किती दाखवायचं याचा हिशोबाचा नियम, लागू असतो, आम्हाला नाही. त्यांच्याकडे वर्षानुवर्षांचा डेटा असतो, त्यावरून ते म्हणू शकतात की १०० पैकी १० रुपये कधी वापरलेच जाणार नाहीत. मग ते मुदत संपायची वाट बघत नाहीत, जसजसं वापरलं जाईल त्या प्रमाणात ते १० टक्केही उत्पन्नात घेतात. आमच्याच आकड्यांवर: ४,००,००० मधले ४०,००० वाया जाणार असं धरलं तर वापरले जाणार ३,६०,०००, त्यापैकी २,७०,००० वापरले गेले म्हणजे पाऊण भाग, तर ४०,००० चाही पाऊण भाग, ३०,०००, आत्ताच उत्पन्नात. देणं उरतं १,००,०००, त्यात पुढे वापरले जातील ते ९०,००० आणि उरलेले १०,०००. काकांचे डोळे चमकले, तीस हजार लगेच! पण मॅडम म्हणाल्या, तुमचा १० टक्क्यांचा आकडा आला कुठून? त्याआधीच्या वर्षांच्या पुस्तकांमधली निम्मी काउंटरफॉईलं गायब, गुलाबी चिठ्ठ्यांची नोंद नाही, मुदत संपलेली घेत होतात. असा इतिहास नसेल तर मोठी कंपनी असली तरी तिलाही गिऱ्हाईक येण्याची शक्यता जवळजवळ संपेपर्यंत थांबावंच लागतं. मग तो कागद फाईलला लावून ठेवलाय, तीन-चार वर्षांचा नंबरवार डेटा जमला की बघू.

आणि अठरा महिन्यांनंतर कोणी आलंच तर काय, हा प्रश्न काकांनी मुद्दाम विचारून ठेवला, कारण त्यांना माहितेय ते कोणाला तरी हो म्हणणारच. तेव्हा उत्पन्नातून ती रक्कम उलटी फिरवायची, न वापरलेली व्हाउचर डेबिट, गिफ्ट व्हाउचर देणे क्रेडिट, आणि मग नेहमीसारखं पूर्ण किमतीचं बिल करून व्हाउचरने पेमेंट. डिस्काउंट म्हणून नाही, तेव्हाही नाही. एप्रिलमध्ये असं एक आलंही, उत्पन्नात टाकलेल्या पाच हजारातलंच एक हजारचं, काका मला बघून म्हणाले, ‘एवढं एकच कर गं’, आणि मी उलटी एन्ट्री टाकून यादीत त्या नंबरापुढे तारीख आणि काकांची सही घेतली.